फुटबॉलचे बूट घेताना आधी मैदान बघा: स्टड निवडण्याची क्रमवार पद्धत

दुकानात बहुतेक जण बूट वरून बघतात. रंग कोणता, लेस कशी, कोणता खेळाडू घालतो. बूट उलटा करून सोल बघणारे थोडे, आणि सोल बघताना आपण खेळतो ती माती डोळ्यांसमोर आणणारे त्याहून थोडे. मी बरीच वर्षं शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो आहे. टाच दुखते, चवड्याखाली आग होते, गुडघ्यात काहीतरी सटकल्यासारखं वाटलं, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की आधी मी त्याचा बूट मागतो आणि उलटा करून बघतो. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं.

पुढचे टप्पे वाचण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. स्टडला दोन कामं असतात. पाय टेकला की जमिनीत पूर्ण शिरायचं, आणि आपण वळलो की जमिनीतून सुटायचं. स्टड शिरला नाही तर तुम्ही सोलवर उभे राहत नाही, दहा-बारा खुंट्यांवर उभे राहता. सगळं वजन त्या खुंट्यांमधून टाचेत आणि चवड्यात घुसतं. उलट स्टड शिरला पण सुटला नाही, तर अंग वळतं आणि पाऊल तिथेच राहतं. तो पीळ मग घोट्याने किंवा गुडघ्याने सोसायचा. चुकीच्या स्टडमुळे होणाऱ्या बहुतेक दुखापती या दोनांपैकी एका कारणाच्या असतात.

## टप्पा १: दोन आठवडे मैदानाची नोंद ठेवा

बूट घ्यायचं ठरलं की लगेच दुकानात जाऊ नका. दोन आठवडे मोबाइलमध्ये किंवा वहीत एवढंच लिहा: कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर, किती वेळ खेळलो. सराव आणि सामना दोन्ही धरा. शेवटी प्रत्येक मैदानाचे तास वेगळे जोडा.

या नोंदीने बहुतेकांना धक्का बसतो. ‘मी मैदानावर खेळतो’ असं सांगणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलाचे निम्म्याहून जास्त तास जाळी लावलेल्या भाड्याच्या टर्फवर गेलेले असतात. सामना रविवारी गवतावर असतो, म्हणून बूट गवताचे घेतले जातात, आणि आठवड्याचे तीन दिवस तेच बूट टर्फवर घासले जातात. सामन्याचे बूट डोक्यात ठेवून खरेदी करणं ही मला दिसलेली सगळ्यात मोठी चूक आहे. शरीराला सामना आणि सराव यांतला फरक कळत नाही. त्याला तास कळतात.

तपासणी: ज्या मैदानावर सर्वाधिक तास जातात, पहिली जोडी त्या मैदानाची. दुसरी जोडी परवडेल तेव्हा.

## टप्पा २: किल्ली टोचून जमीन ओळखा

घराची साधी किल्ली घ्या. मैदानाच्या मधोमध, गोलसमोर आणि कडेला अशा तीन ठिकाणी ती अंगठ्याने जमिनीत दाबा. पूर्ण ताकद लावायची नाही, दाराची बेल वाजवताना लावतो त्याहून थोडी जास्त.

- किल्लीचं टोक जेमतेम खरवडतं, आत जात नाही: ही कडक जमीन. जानेवारीपासून पहिल्या पावसापर्यंत आपल्याकडची बहुतेक शाळांची आणि नगरपालिकांची मैदानं अशीच असतात.
- किल्ली साधारण एक सेंटिमीटर सहज जाते आणि काढल्यावर भोक तसंच राहतं: ही घट्ट पण मऊसर जमीन. डब्यावर ‘फर्म ग्राउंड’ म्हणतात ते हेच. ओलावा धरलेलं, मुळं घट्ट असलेलं गवत.
- किल्ली दोन-तीन सेंटिमीटर सरळ आत जाते, भोवती पाणी दिसतं किंवा माती किल्लीला चिकटून येते: ही मऊ जमीन.

इथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. ‘फर्म’ या शब्दाचा अर्थ आपण ‘कडक’ असा घेतो आणि उन्हाळ्यातल्या मैदानासाठी फर्म ग्राउंडचे बूट घेतो. बूट बनवणाऱ्यांच्या भाषेत फर्म म्हणजे पाणी घातलेलं, नीट राखलेलं गवत. मे महिन्यातलं आपलं मैदान त्यांच्या हिशेबात फर्म नाहीच, ते जवळपास रस्ता आहे.

मातीचा प्रकारही बघा. काळी माती उन्हात दगडासारखी होते आणि भिजली की बुटाला लगद्यासारखी चिकटते. कोकण-गोव्याकडची जांभ्याची तांबडी जमीन पाणी लवकर सोडते, पण वरच्या थरात बारीक खडे असतात. काळ्या मातीत पावसाळ्यात खेळलेला बूट उलटा केला तर स्टडच्या मधल्या जागा चिखलाने सपाट भरलेल्या दिसतात, आणि स्टडची टोकं तेवढी बाहेर डोकावतात. तसा बूट घसरतो, मग त्याचे स्टड कितीही चांगले असोत. म्हणून अशा मातीत स्टडची संख्या कमी आणि मधलं अंतर जास्त लागतं.

## टप्पा ३: बूट उलटा करून सोल वाचा

डब्यावर आणि बुटाच्या जिभेखाली दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ती वाचा, पण नंतर सोल स्वतः बघा, कारण नाव एक आणि सोल दुसराच असंही स्वस्त बुटांत होतं.

एफजी म्हणजे फर्म ग्राउंड. प्लास्टिकचे साच्यातले, न निघणारे स्टड, साधारण दहा ते चौदा. उंची सुमारे दहा-बारा मिलिमीटर, टाचेकडे थोडी जास्त. काही गोल असतात, काही पात्यासारखे चपटे.

एसजी म्हणजे सॉफ्ट ग्राउंड. कमी आणि लांब स्टड, बहुधा सहा किंवा आठ, चावीने फिरवून काढता येणारे, टोकाला अॅल्युमिनियम. काहींमध्ये धातूच्या स्टडबरोबर थोडे प्लास्टिकचेही असतात. उंची तेरा-पंधरा मिलिमीटरच्या आसपास.

एजी म्हणजे आर्टिफिशियल ग्राउंड. स्टड आखूड, गोल, संख्येने जास्त, वीसच्या पुढेही. पुष्कळदा आतून पोकळ. वजन जास्त बिंदूंवर वाटलं जावं आणि वळताना पाय सहज सुटावा, यासाठी ही रचना.

टीएफ म्हणजे टर्फ. सोलभर रबराचे छोटे दाणे, चार-पाच मिलिमीटरचे, आणि टाचेखाली बहुधा थोडी मऊ गादी.

आयसी किंवा आयएन म्हणजे इनडोअर. सपाट रबरी सोल. लाकडी किंवा सिमेंटच्या कोर्टासाठी.

आणखी एक लेबल दिसतं, एमजी किंवा एफजी/एजी, म्हणजे दोन्हीकडे चालणारा. यातले बरेचसे मुळात एफजीचेच सोल असतात. स्टड मोजा. बारा लांबट स्टड असतील तर तो एफजी आहे असं समजून चाला, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

इशारा: एफजी बूट कृत्रिम मैदानावर वापरला आणि सोल फुटला किंवा स्टड तुटला तर बऱ्याच कंपन्या वॉरंटी देत नाहीत. डब्यातला कागद टाकण्याआधी वाचा.

## टप्पा ४: जमीन आणि सोल यांची जोडी लावा

### कडक, सुकं मैदान

इथे एफजी आणि एसजी दोन्ही बाजूला ठेवा. टीएफ घ्या. तास जास्त असतील आणि कुठेकुठे गवत शिल्लक असेल तर एजीही चालतो. एजीच्या वीस-बावीस स्टडांवर वजन वाटलं जातं, एफजीच्या बारांवर ते टोचतं.

‘टीएफ घातला तर घसरेल’ ही भीती मुलं बोलून दाखवतात. सुक्या मातीवर वरचा धुळीचा थर घसरतो, तो एफजीखालीही घसरतोच. उलट एफजीचे स्टड न शिरल्यामुळे जमिनीला टेकणारा भाग कमी असतो, म्हणजे पकड कमी आणि टोचणं जास्त. एकदा टीएफ घालून दहा मिनिटं दौडा, मग ठरवा.

लहान मुलांच्या बाबतीत मी इथे अजिबात तडजोड करत नाही. साधारण आठ ते चौदा वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून वाढत असतो आणि पोटरीचा स्नायू त्याला सतत ओढत असतो. त्यात कडक जमिनीवर टाचेखालच्या चार उंच स्टडांची ठोकर बसली की टाच दुखायला लागते. मूल सकाळी लंगडतं, खेळताना टाच टेकत नाही, आणि टाचेच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून दाबल्या की ओरडतं. याला सीव्हर्स डिसीज म्हणतात. नाव भयंकर वाटतं, पण वाढ पूर्ण झाली की हा त्रास जातो. तोपर्यंत मात्र स्टड आखूड, टाचेखाली गादी आणि खेळाचे तास कमी, एवढं करावं लागतं.

### ओलं गवत आणि चिखल

जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदान मऊ असतं, पण ते रोज सारखं नसतं. चार दिवस उघडीप मिळाली की तेच मैदान ‘फर्म’ होतं. म्हणून पावसाळ्यासाठीसुद्धा बहुतेकांना गोल स्टडचा एफजी पुरतो, आणि तोच मी सुचवतो. एसजी फक्त त्याने घ्यावा ज्याचे सामने खरोखर खोल चिखलात होतात आणि ज्याच्याकडे दुसरी जोडी आहे.

एसजीचा धोका दुहेरी आहे. मैदानाचा मधला भाग चिखलाचा आणि कडा घट्ट असतील तर कडेला धातूचे स्टड शिरत नाहीत आणि सहा बिंदूंवर सगळं वजन येतं. पावलाच्या बाहेरच्या कडेचं पाचवं लांब हाड अशा वेळी जास्त ताणाखाली येतं. तिथली वेदना सुरुवातीला बारीक असते, खेळाडू ती सहन करतो, आणि मग एक दिवस हाडाला तडा गेलेला निघतो. हे हाड भरून यायला फार वेळ लागतो, कारण त्याच्या बुंध्याजवळ रक्तपुरवठा कमी आहे. दुसरा धोका समोरच्याला: झिजलेल्या अॅल्युमिनियमच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

इशारा: धातूचे स्टड कृत्रिम मैदानावर कधीही नाहीत. गालिचा फाटतो, पाय अडकतो, आणि मैदानवाले हाकलतात ते योग्यच करतात.

### कृत्रिम मैदान

‘टर्फ’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, त्यामुळे इथे जरा थांबा.

मुंबईचं कूपरेज किंवा म्हापशाचं धुळेर यांसारख्या पूर्ण मापाच्या कृत्रिम मैदानावर गवताची पाती लांब असतात, साधारण पाच-सहा सेंटिमीटर, आणि त्यांच्या मुळाशी वाळू व रबराचे काळे दाणे भरलेले असतात. स्टड त्या दाण्यांत शिरतो. इथे एजी सर्वांत योग्य.

गल्लीतला, इमारतीच्या गच्चीवरचा किंवा पुलाखालचा पाच-सहा जणांचा टर्फ वेगळा. पाती आखूड, दाणे कमी, आणि खाली बहुधा थेट सिमेंट. बोट दाबून बघा: दाण्यांचा थर लागतो की लगेच टणक लागतं? टणक लागलं तर टीएफ. पाती आडवी पडून चटईसारखी चिकटली असतील तरीही टीएफ. एजीचे स्टड तिथे शिरायला जागाच नसते.

आता एफजीचं काय होतं ते जवळून बघू. कृत्रिम पाती तुटत नाहीत. खऱ्या गवतावर जोर जास्त झाला की मातीचं ढेकूळ उखडतं, हिरवा तुकडा उडतो, आणि तिथेच पाय मोकळा होतो. मैदान स्वतः फाटून तुमचा गुडघा वाचवतं. प्लास्टिकचा धागा तसा उखडत नाही. लांब स्टड त्या धाग्यांत आणि दाण्यांत रुतला आणि तुम्ही बॉल मागे ओढून झटकन वळलात, तर पाय खिळल्यासारखा राहतो आणि मांडी त्यावर फिरते. कोणी धक्का दिलेला नसतो, कोणी टॅकल केलेलं नसतं. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट बरेचदा असंच तुटतं. खेळाडू ‘टक्’ असा आवाज आल्याचं सांगतो आणि काही तासांत गुडघा सुजतो.

१९९६ मध्ये अमेरिकेत शाळकरी अमेरिकन फुटबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कडेला लांब आणि मध्ये छोटे टोकदार स्टड असलेल्या बुटांची पीळ अडवण्याची ताकद सर्वांत जास्त निघाली, आणि ते घालणाऱ्यांत एसीएलच्या दुखापतीही जास्त आढळल्या. खेळ वेगळा आहे, पण गुडघ्यावर पडणारा पीळ तोच. म्हणून दुकानदार ‘याची पकड जबरदस्त आहे’ म्हणाला की मी विचारतो, सुटतो कसा?

पात्यासारखे चपटे स्टड की गोल, यावर वाद चालूच राहतो. सरळ पळताना चपटे स्टड चांगली ढकल देतात. वळताना गोल स्टड कोणत्याही दिशेला सारखाच फिरतो. जो कृत्रिम मैदानावर थोडाफार तरी खेळणार आहे, त्याला मी गोलच घ्यायला सांगतो.

तपासणी: बूट घेण्याआधी टर्फचा नियमफलक वाचा. अनेक छोट्या टर्फवर स्टडचे बूट सरसकट बंद असतात, फक्त टीएफ किंवा साधे बूट चालतात.

## टप्पा ५: दुकानात हे या क्रमाने करा

१. संध्याकाळी जा. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं, सामन्यातही फुगतं. सकाळी बरोबर बसलेला बूट उत्तरार्धात आवळतो.

२. सामन्याचे मोजे आणि शिनगार्ड बरोबर न्या. पातळ मोज्यावर मापलेला बूट जाड मोज्यात अर्ध्या मापाने लहान होतो.

३. दोन्ही पाय घाला, लेस पूर्ण बांधा, उभे राहा. बोटांपुढे साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर जागा हवी. अंगठ्याचं नख पुढे टेकत असेल तर माप लहान आहे.

४. टाच उचलून चवड्यावर या. सोल जिथे वाकतो ती रेघ आणि तुमच्या बोटांचा सांधा एकाच जागी हवा. सोल मधूनच, कमानीखाली वाकला तर तो बूट ठेवून द्या. सोल अगदीच कापडासारखा वाकत असेल तरीही नको. कृत्रिम मैदानावर अंगठा मागे जास्त वाकून त्याच्या मुळाशी सांधा दुखावतो, त्याला ‘टर्फ टो’ म्हणतात, आणि फार लवचीक सोल त्याला मदत करतो.

५. दुकानाच्या टणक फरशीवर एक मिनिट नुसते उभे राहा. ही कडक जमिनीची तालीम आहे. पायाखाली वेगळा एखादा स्टड मोजता येतोय का? विशेषतः करंगळीच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या मुळाशी. मोजता येत असेल तर एक तासानंतर तिथे आग होणार.

६. इनसोल बाहेर काढा आणि त्यावर पाय ठेवा. पाय दोन्ही बाजूंनी बाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे. बाहेरची कड सोलच्या पलीकडे लटकते, आणि कडेचा स्टड हाडाच्या खाली न येता बाजूने ढकलतो. आपल्याकडे अनवाणी आणि चपलेत वाढलेली पावलं पुढून रुंद असतात, त्यामुळे ही तपासणी सोडू नका.

नेहमीची चूक: मुलगा वाढतोय म्हणून दोन मापं मोठा बूट. टाच आत वर-खाली होते, पाऊल पुढे सरकतं, आणि सोलची वाकण्याची रेघ बोटांच्या पुढे जाते. स्टड ज्या हाडाखाली असावेत तिथे राहतच नाहीत. अर्ध्या मापाची ढील ठेवा, त्याहून जास्त नाही. दोन वर्षं टिकणाऱ्या महागड्या बुटापेक्षा मापाचा स्वस्त टीएफ दरवर्षी घेणं पायाला परवडतं.

## टप्पा ६: पहिले तीन सराव

नवा बूट थेट सामन्यात घालू नका. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी अर्धा-पाऊण तास, तिसऱ्या दिवशी पूर्ण सराव. गरम पाण्यात बुडवणं, ड्रायरने तापवणं असले उपाय चिकटवलेल्या सोलचा घात करतात.

पहिल्याच दिवशी मैदानावर ही चाचणी घ्या. एका पायावर उभे राहा, गुडघा किंचित वाकवा, आणि कमरेतून हळूहळू वळा. चवड्यावर फिरताना पाऊल थोडा विरोध करून सुटायला हवं. गुडघ्यात ओढ जाणवली आणि पाऊल अजून जागेवरच असेल, तर त्या जमिनीवर तो बूट वापरायचा नाही. झटका देऊन करू नका, आणि गुडघ्याला आधी दुखापत झाली असेल तर ही चाचणी सोडून द्या.

मग सरळ धावून थांबून बघा. थांबताना पाऊल हातभर घसरत गेलं तर पकड कमी. एकदम खिळून अंग पुढे फेकलं गेलं तर पकड जास्त. बोटभर घसरून थांबलात तर जमलं.

तपासणी: सराव संपल्यावर मोजे काढून तळवा बघा. एकसारखा गुलाबी असेल तर ठीक. स्टडच्या आकाराचे लाल ठिपके उमटले असतील तर स्टड जमिनीत शिरत नाहीत.

दुपारच्या उन्हात कृत्रिम मैदान हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि ती आग सोलमधून वर येते. अशा वेळी फोड आले तर दोष बुटाचा नाही, वेळेचा आहे.

## टप्पा ७: धातूचे स्टड असतील तर

प्रत्येक सामन्याआधी स्टडची कड नखाने फिरवून बघा. नख अडकलं की त्या कडेला धार आली आहे. कानशीने घासून वेळ मारून नेऊ नका, स्टड बदला. सामन्याआधी रेफरीने बूट दाखवायला सांगितला आणि धार सापडली तर तो तुम्हाला तसं खेळू देणार नाही. बदलताना आट्यांमधली माती ब्रशने काढा, किंचित व्हॅसलिन लावा, आधी हाताने बसवा, मग चावीने आवळा. हाताने तिरका बसलेला स्टड चावीने जबरदस्ती आवळला तर आटे कायमचे जातात. दहा मिनिटं दौडून पुन्हा एकदा आवळा.

ड्रेसिंग रूमपासून मैदानापर्यंत एसजी घालून सिमेंटवरून चालत जाणं बंद करा. धार बहुतेक वेळा तिथेच येते. चपलेत जा, कडेला बसून बूट घाला.

आणि एफजीचे स्टड सुरीने कापून किंवा घासून ‘टर्फचे’ करू नका. मी हे केलेले बूट पाहिले आहेत. डाव्या-उजव्या बाजूला एक-दोन मिलिमीटरचा फरक राहतो, आणि घोटा प्रत्येक पावलाला त्याच बाजूला कलतो.

## दुखणं कुठे आहे, त्यावरून काय करायचं

टाच किंवा चवडा दुखतो, विश्रांतीने बरा होतो, कडक मैदानावर परत येतो: सोल आधी बदला, टीएफवर या. पावलाच्या बाहेरच्या कडेला हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एका जागची वेदना असेल आणि ती आठवड्याहून जास्त टिकली, तर खेळ थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तडा अगदी नवा असेल तर पहिल्या एक्स-रेत दिसत नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखणं चालू असल्यास पुन्हा जा. वळताना गुडघ्यात आवाज आला, त्याच दिवशी सूज आली किंवा पाय टेकताना गुडघा निसटतो असं वाटलं, तर बर्फ लावा, पाय टेकू नका आणि चोळू नका. बूट बदलून पुन्हा उतरण्याची ती वेळ नव्हे.

## एक प्रत्यक्ष उदाहरण

आमच्याकडचा तेरा वर्षांचा एक विंगर. दोन्ही टाचा दुखत होत्या आणि उजव्या करंगळीच्या मुळाशी आग होत होती. बूट चपट्या स्टडचा एफजी, दीड माप मोठा, आतेभावाने दिलेला. आम्ही त्याची दोन आठवड्यांची नोंद काढली. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार गच्चीवरच्या टर्फवर दीड-दीड तास, म्हणजे आठवड्याला साडेचार. रविवारी शाळेच्या सुक्या मैदानावर दोन तास. गवतावर शून्य. फेब्रुवारी चालू होता.

किल्ली शाळेच्या मैदानात गेली नाही. टर्फवर बोट दाबलं तर दाण्यांचा पातळ थर आणि खाली लगेच टणक. म्हणजे आठवड्याच्या साडेसहा तासांपैकी एकही तास त्या बुटाचे स्टड पूर्ण शिरत नव्हते. मोजे काढल्यावर दोन्ही तळव्यांवर लांबट लाल खुणा होत्या, स्टडच्याच आकाराच्या, आणि बूट मोठा असल्यामुळे त्या हाडाखाली नव्हत्या, बाहेरच्या कडेला सरकलेल्या होत्या.

वडील आधी डॉक्टरांकडे घेऊन गेले, ते बरोबर केलं. हाडाला तडा नव्हता, टाचेचं दुखणं वाढीचं निघालं. तीन आठवडे पळणं बंद, पोटरीचे ताण रोज, आणि मापाचा, रुंद पुढ्याचा टीएफ. चौथ्या आठवड्यात अर्धा सराव, सहाव्यात पूर्ण. करंगळीकडची आग पहिल्या आठवड्यातच गेली, टाच पूर्ण शांत व्हायला मे उजाडला. आतेभावाचा एफजी आम्ही फेकला नाही. जुलैत जिल्ह्याचे सामने ओल्या गवतावर होते, तोवर त्याचं पाऊल अर्ध्या मापाने वाढलं होतं. तरी तो बूट त्याला एक माप मोठाच होता, म्हणून संघातल्या मोठ्या पायाच्या गोलकीपरला दिला आणि विंगरसाठी गोल स्टडचा एफजी त्याच्या मापात घेतला. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पुन्हा किल्ली टोचून बघितली. ती एक सेंटिमीटर गेली.